त्याच दिवसापासून, त्याच दिवसापर्यंत

[दृश्य: सातारा. जेवणाचं टेबल, त्यावर चौकटींची वही, जुनं स्टेटमेंट, कॅल्क्युलेटर.]

निवेदन:
वही गणिताच्या निवृत्त शिक्षिकेची. अक्षर फळ्यावरचं, प्रत्येक आकडा आपापल्या चौकटीत. २०१५ मध्ये निवृत्तीच्या रकमेतले एक लाख रुपये बाईंनी एका लार्ज कॅप, म्हणजे मोठ्या कंपन्यांचे शेअर घेणाऱ्या, म्युच्युअल फंडात टाकले. फॉर्म भरून घेणारा एजंट त्यांचाच जुना विद्यार्थी. आता प्रश्न एवढाच, या फंडाची फी वसूल झाली का? स्कीमचं नाव आम्ही पडद्यावर झाकलंय, आणि हिशोब डोक्यात राहावा म्हणून स्कीमचे आकडे थोडे गोल केलेत. निफ्टीचे आकडे मात्र जसेच्या तसे आहेत.

[दृश्य: एजंटने दिलेलं रंगीत पत्रक. दोन रेघा, फंडाची वरती, निफ्टीची खालती.]

निवेदन:
या पत्रकापासून सगळं सुरू झालं. दहा वर्षांत फंडाने निफ्टीला मागे टाकलं, असं चित्र सांगतं. एजंट कॅमेऱ्यासमोर बसला तेव्हाही तेच म्हणाला.

एजंट: "बाई, चार्जेस काय, ते लागणारच. पण निफ्टीच्या पुढं आहोत ना आपण?"

बाई: "अरे, पुढं आहोत हे कुठल्या तारखेपासून, ते लिहिलंयस का?"

पत्रकावर तारीख नव्हती.

[दृश्य: स्टेटमेंटवर बोट. युनिट, एनएव्ही, तारीख.]

निवेदन:
स्टेटमेंटवर तारीख आहे. ३१ मार्च २०१५. त्या दिवशीची एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत, ४० रुपये. एक लाखाला अडीच हजार युनिट मिळाले. चेक कधी लिहिला, एजंटकडे कधी दिला, याला इथे काही अर्थ नाही. ज्या दिवसाच्या एनएव्हीने युनिट मिळाले, तोच पहिला दिवस.

शेवटचा दिवस म्हणून बाईंनी आधी ३१ मार्च २०२५ धरला होता. बरोबर दहा वर्षं. पण तो दिवस रमजान ईदचा, शेअर बाजार बंद. निफ्टीचा त्या आधीचा शेवटचा बंद भाव शुक्रवार, २८ मार्चचा. मग फंडाची एनएव्हीही २८ मार्चचीच घ्यायची. दहा वर्षांना तीन दिवस कमी पडतात. ते चालतं. फंडाला एक तारीख आणि निर्देशांकाला दुसरी, हे चालत नाही.

[दृश्य: मार्च २०२०ची संग्रहित दृश्यं. निर्मनुष्य दलाल स्ट्रीट, बंद शटर, बाजाराचे लाल आकडे.]

निवेदन:
तारखेसाठी एवढा कीस का काढायचा, ते या महिन्यात दिसतं. २३ मार्च २०२०. निफ्टी एका दिवसात जवळपास तेरा टक्के कोसळून ७,६१०वर बंद झाला. आठच दिवसांनी, ३१ मार्चला, तो ८,५९८वर होता. म्हणजे तेवढ्याच तेरा टक्क्यांनी वर. आता कोणी फंडाची रेघ २३ तारखेपासून ओढली आणि निफ्टीची महिनाअखेरपासून, तर फंड मॅनेजरने हात न हलवताही फंड तेरा टक्क्यांनी हुशार ठरतो. यात खोटा आकडा एकही नसतो. पत्रक छापणाऱ्याला तेवढं पुरतं.

[दृश्य: लॅपटॉप. बाई आणि त्यांचा भाचा. पडद्यावर amfiindia.com.]

निवेदन:
भाचा सीएची आर्टिकलशिप करतो. त्याने 'NAV History' हे पान उघडलं, फंड निवडला, तारखा टाकल्या. यादीत एकाच स्कीमची चार नावं आली. रेग्युलर आणि डायरेक्ट, ग्रोथ आणि आयडीसीडब्ल्यू. शेवटचं म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड पर्याय. त्यात पैसे वाटले की एनएव्ही तेवढी खाली येते, त्यामुळे तुलनेला तो उपयोगाचा नाही. बाईंचा प्लॅन रेग्युलर, म्हणजे एजंटमार्फत घेतलेला, आणि ग्रोथ, म्हणजे पैसे न वाटता फंडातच ठेवणारा.

२८ मार्च २०२५ची एनएव्ही, ११७ रुपये ७५ पैसे.

[दृश्य: वहीत गुणाकार. कॅमेरा पेन्सिलीच्या टोकावर.]

अडीच हजार गुणिले ११७.७५. दोन लाख ९४ हजार ३७५. वर्षाचा चक्रवाढ दर काढायला भाच्याने हे टाइप केलं:

```
=(117.75/40)^(1/10)-1
```

उत्तर, ११.४ टक्के.

बाई: "आता यातून खर्च वजा करायचा ना?"

भाचा: "नाही मावशी, तो आधीच गेलाय. रोज कापून उरतं ती एनएव्ही."

निवेदन:
हे बऱ्याच जणांचं इथेच चुकतं. वर्षाचा खर्च दीड-दोन टक्के म्हणतात, पण त्याचं बिल कधी येत नाही. स्कीमच्या मालमत्तेतून तो दररोज थोडा थोडा वळता होतो आणि मग एनएव्ही जाहीर होते. परताव्यातून पुन्हा वजा केला तर फंडावर अन्याय होतो.

[दृश्य: वहीत नवीन पान, डोक्यावर 'निफ्टी ५०'.]

निवेदन:
आता दुसरी बाजू. ३१ मार्च २०१५ला निफ्टी ८,४९१. २८ मार्च २०२५ला २३,५१९. एक लाखाचे दोन लाख ७७ हजार. वर्षाला १०.७ टक्के. फंड पुढे, पत्रक खरं.

एजंटही खोटं बोलत नव्हता. त्याची निफ्टी वेगळी होती, एवढंच.

आपण बातम्यांत ऐकतो तो निफ्टी फक्त शेअरच्या भावांचा असतो. त्यातल्या पन्नास कंपन्या जो लाभांश वाटतात, तो या आकड्यात येत नाही. फंडाच्या हातात मात्र तेच लाभांश पडतात आणि एनएव्हीत मिसळतात. एकाने पगार आणि बोनस दोन्ही मोजायचे, दुसऱ्याने नुसता पगार, अशी ही शर्यत. लाभांश पुन्हा गुंतवले असं धरून काढलेला निर्देशांक वेगळा असतो. त्याला टोटल रिटर्न इंडेक्स, टीआरआय म्हणतात. फेब्रुवारी २०१८पासून फंडांनी आपली कामगिरी टीआरआयशीच ताडून दाखवावी, असा बाजार नियामक सेबीचा नियम आहे. त्या आधीची पत्रकं नुसत्या भावांशी तुलना करायची आणि त्या रेघा अजूनही फिरतात. आमच्या हातातली एक आपण पाहिलीच.

[दृश्य: niftyindices.com. भाचा 'Historical Data'मधून टोटल रिटर्नची फाइल उतरवून घेतो.]

निवेदन:
त्याच दोन तारखा, टीआरआयचे आकडे. दर साधारण १२ टक्के. एक लाखाचे तीन लाख दहा हजारांच्या आसपास.

आता फंड मागे. जवळजवळ सोळा हजारांनी.

[दृश्य: बाई चष्मा काढून पुन्हा आकडा पाहतात. आवाज नाही.]

निवेदन:
पण निर्देशांक दुकानात मिळत नाही. मिळतो तो इंडेक्स फंड, आणि त्यालाही खर्च असतो. म्हणून बाईंनी निर्देशांकाच्या दरातून वर्षाला पाव टक्का सोडून दिला. हा त्यांचा अंदाज. उरले तीन लाख तीन-चार हजार. म्हणजे ज्याला काही निवडायचं नव्हतं, त्या फंडापेक्षाही बाईंचे नऊ-दहा हजार कमी.

मग मॅनेजरला काही जमलंच नाही? इथे भाच्याने यादीतलं दुसरं नाव उघडलं. तीच स्कीम, डायरेक्ट प्लॅन. जानेवारी २०१३पासून प्रत्येक स्कीमला असा प्लॅन आहे, आणि त्यात वितरकाचं कमिशन नसतं. तेच शेअर, तोच मॅनेजर. ३१ मार्च २०१५ची एनएव्ही ४० रुपये ८०, २८ मार्च २०२५ची १३० रुपये १५.

[दृश्य: दोन प्लॅनच्या एनएव्ही शेजारीशेजारी.]

एक लाखाचे तीन लाख १९ हजार. वर्षाला १२.३ टक्के.

म्हणजे शेअर निवडण्यात मॅनेजर कमी पडला नाही. स्वतःची फी घेऊनही तो टीआरआयच्या थोडा पुढे राहिला. कमी पडला तो बाईंचा प्लॅन. दोन्हींतला फरक २५ हजारांचा, आणि त्याचं मुख्य कारण कमिशन. फी वसूल झाली का, असं एका दमात विचारलं तर उत्तर मिळत नाही. मॅनेजरची झाली. दहा वर्षांत एका फॉर्मवर सही घेणाऱ्याची झाली का, हे बाईंनी ठरवायचं. आम्ही आमच्यापुरतं ठरवलंय, ते एव्हाना लक्षात आलं असेल.

[दृश्य: वहीत दहा वर्षांची उभी रेघ, मधोमध 'मार्च २०२०'.]

निवेदन:
गणिताच्या बाईंना दोन टोकांवर भागलं नाही. त्यांनी मधे रेघ मारली. ३१ मार्च २०२०ला निफ्टी ८,५९८, म्हणजे पाच वर्षांत सगळे मिळून १०७ अंक. लाभांश धरले तर सात-आठ टक्के. बाईंच्या प्लॅनची एनएव्ही तेव्हा ४३, म्हणजे साडेसात टक्के वर. बरोबरी. इथवर फंडाने आपला खर्च भरून काढला होता.

पुढच्या पाच वर्षांत ४३चे ११७.७५ झाले. २.७४ पट. आणि लाभांश सोडून नुसता निफ्टी? तोही २.७४ पट.

बाई: "म्हणजे पाच वर्षांचा लाभांश गेला की रे!"

निवेदन:
गेला तो खर्चात. सोळा हजारांचा खड्डा याच पाच वर्षांतला आहे, आणि नुसती दोन टोकं जोडली असती तर तो कुठे पडला ते कळलं नसतं. अजून नीट पाहायचं तर सुरुवात दर महिन्याला एकेक महिना पुढे सरकवून पाच-पाच वर्षांचे तुकडे मोजावे लागतात. भाच्याने ते संगणकावर केलं, पण त्याचं चित्रीकरण झालं नाही.

[दृश्य: २०१५चं फॅक्टशीट आणि ताजं फॅक्टशीट. दोन्हींवर 'बेंचमार्क'ची ओळ.]

निवेदन:
एक पाचर राहतेच. जुन्या फॅक्टशीटवर बेंचमार्क, म्हणजे तुलनेचा निर्देशांक, निफ्टी ५०, ताज्यावर निफ्टी १०० टीआरआय. ऑक्टोबर २०१७मध्ये सेबीने प्रकारांच्या व्याख्या ठरवल्या. लार्ज कॅप म्हणवणाऱ्या फंडाला तेव्हापासून किमान ८० टक्के पैसे बाजारमूल्यातल्या पहिल्या शंभर कंपन्यांत ठेवावे लागतात. त्या आधी अशा फंडांत मिडकॅप, म्हणजे मध्यम आकाराच्या कंपन्यांचे, शेअर सर्रास मिसळलेले असत. त्यामुळे पहिल्या पाच वर्षांच्या बरोबरीत मॅनेजरचं कौशल्य किती आणि मिसळीचा वाटा किती, हे या वहीतून सुटत नाही.

[दृश्य: बाई आणि एजंट, चहा. मागे वही.]

निवेदन:
बाई डायरेक्टमध्ये जाणार आहेत. एजंटला त्यांनी ते समोर बसवून सांगितलं. स्कीम तीच असली तरी प्लॅन बदलणं म्हणजे विक्रीच, आणि नफ्यावर कर लागतो. वर्षाला सव्वा लाखाच्या वरच्या दीर्घकालीन नफ्यावर साडेबारा टक्के. ३१ जानेवारी २०१८पर्यंतची वाढ त्यातून सुटते. म्हणून निम्मे युनिट मार्चमध्ये, उरलेले एप्रिलमध्ये, अशी दोन आर्थिक वर्षांत विभागणी.

त्या आधी डायरेक्टच्या एनएव्हीचा निफ्टी १०० टीआरआयशी मेळ घालायचा आहे, त्याच दोन तारखांना. फाइल भाच्याने उतरवून ठेवली आहे.