चार चमचे द्राक्षासव

[दृश्य: स्वयंपाकघरातला ओटा. कपाटातून काढलेली तपकिरी काचेची बाटली. झाकण उघडल्याचा आवाज.]

असं एक घर डोळ्यांसमोर आणा. नवऱ्याची दारू सुटून आठ महिने झालेत. सकाळी चहाआधी बायको त्याच्या हातावर एक गोळी ठेवते आणि तो ती तिच्यासमोर गिळतो. गोळीचं नाव डायसल्फिराम. दुपारी मावशी येतात. त्याचा उतरलेला चेहरा बघून पिशवीतून द्राक्षासवाची बाटली काढतात. "अरे, चार चमचे घे पाण्यातून. अंगात ताकद येईल."

मावशींचा हेतू चांगलाच आहे. फक्त बाटलीत काय आहे, ते कुणी वाचलेलं नाही.

[दृश्य: मातीचा मोठा घट. गुळाचं पाणी, मनुका, वाळलेली तांबूस फुलं.]

आसव आणि अरिष्ट आंबवूनच बनतात. गुळाच्या गोड पाण्यात औषधी द्रव्यं पडतात, वर धायटीची फुलं. आंबवणारं यीस्ट या फुलांसोबत येतं, साखर खातं आणि तिचं अल्कोहोल करतं. घट बंद करून साधारण महिनाभर ठेवतात. जुने वैद्य घटाला कान लावत. आत बुडबुड्यांची खळखळ चालू असेल, तर काम बाकी आहे. पेटती काडी तोंडाशी धरली आणि ती विझली, तर अजून कार्बन डायऑक्साइड निघतोय. काडी तेवत राहिली, की आसव तयार.

म्हणजे हे अल्कोहोल कुणी चोरून मिसळलेलं नाही. त्यातच औषधाचे गुण उतरतात आणि त्यामुळेच ते टिकतं. लेबलवर बारीक अक्षरांत लिहिलेलंही असतं: स्वयंनिर्मित मद्यार्क, अमुक टक्के. पण 'ताकदीचं औषध' म्हटल्यावर बाटली फिरवून मागची बाजू वाचतो कोण?

[दृश्य: चमच्यातून ग्लासात ओतलं जाणारं गडद द्रव.]

हिशोब करू. लेबलवर 8 टक्के लिहिलंय असं धरा. चार चमचे म्हणजे 20 मिलिलिटर. त्यात शुद्ध अल्कोहोल 1.6 मिलिलिटर. व्हिस्कीच्या 60 मिलिलिटरच्या पेगमध्ये ते 25 मिलिलिटरच्या आसपास असतं. म्हणजे पेगचा सोळावा हिस्सा. एवढ्यानं झिंग येत नाही.

पण या घरात गोळी चालू आहे, आणि तिथंच गणित बदलतं. शरीरात अल्कोहोलचं आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते मोडतं. डायसल्फिराम हे मोडणारं एन्झाइम बंद पाडतं. ॲसिटाल्डिहाइड साठत जातं आणि काही मिनिटांत चेहरा लालबुंद होतो, डोकं ठणकतं, उलटी होते, छाती धडधडते. रक्तदाब घसरून माणूस कोसळूही शकतो. प्रत्येकाला सारखाच त्रास होतो असं नाही, पण थोड्या अल्कोहोलनंही तो होऊ शकतो, आणि हृदयाचा आजार असेल तर जिवावर बेतू शकतो. गोळी बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. "आज गोळी नाही घेतली, तर चालेल" हा हिशोब म्हणूनच फसतो.

गोळी नसेल तर? मग प्रश्न चवीचा उरतो. घशातून उतरणारी ती ऊब, तो वास. मेंदू लगेच ओळखतो. चार चमच्यांचे आठ होतात. 450 मिलिलिटरच्या अख्ख्या बाटलीत 36 मिलिलिटर अल्कोहोल आहे, जवळपास दीड पेग. 'औषधच तर घेतोय' म्हणत ती संपवता येते, आणि घरच्यांना वास आला तरी उत्तर तयार असतं.

[दृश्य: मेडिकलच्या दुकानातली फळी.]

खोकल्याच्या सिरपचंही तेच. पोटात घ्यायच्या ॲलोपॅथी औषधात अल्कोहोल 3 टक्के किंवा त्याहून जास्त असेल, तर ते लेबलवर छापावं लागतं. त्याहून कमी असेल, तर छापायची सक्ती नाही. लेबल गप्प असलं म्हणून सिरप बिनअल्कोहोलचं ठरत नाही, फार्मासिस्टला विचारावंच लागतं. होमिओपॅथीच्या मदर टिंक्चरचा तर पायाच अल्कोहोल.

माउथवॉश थुंकून टाकायचा असतो, पोटात फारसं जात नाही. तरी चूळ भरल्या भरल्या पोलिसांच्या यंत्रात फुंकलंत, तर आकडा वर जाऊ शकतो. तोंडातला अंश साधारण पंधरा मिनिटांत ओसरतो, तेव्हा पुन्हा फुंकू द्या अशी विनंती करावी. गोळी चालू असलेल्यानं मात्र बिनअल्कोहोलचाच घ्यावा.

[दृश्य: पुन्हा तोच ओटा.]

बायकोनं बाटली उजेडात धरली, लेबल वाचलं आणि मावशींच्या हातात परत दिली. मावशी जराशा रुसल्या. मग म्हणाल्या, "बरं, वैद्यांना विचारून चूर्ण आणते. त्यात तर नाही ना काही?"

"चूर्णात नाही. पण मावशी, बाटलीतले काढे आणलेत, तर आधी मला दाखवा. त्यातलेही काही आंबवलेले असतात."