उंचावर रक्त का दाटते आणि पॉलिसायथेमिया कसा उद्भवतो

(इंदूर येथे मराठी श्रोत्यांसमोर दिलेले व्याख्यान, संपादित स्वरूपात)

श्रोतेहो, आपल्या महूच्या छावणीतून लडाखला नेमणुकीवर गेलेली अनेक माणसे इंदुरात उपचारांसाठी येतात, आणि त्यांच्यापैकी काहींच्या रक्ताच्या अहवालात हिमोग्लोबिनच्या, म्हणजे तांबड्या पेशींतल्या ऑक्सिजन वाहणाऱ्या द्रव्याच्या, वाढलेल्या आकड्याखाली लाल रेघ ओढलेली असते. रक्तात तांबड्या पेशी प्रमाणापेक्षा अधिक होणे, यालाच पॉलिसायथेमिया म्हणतात. त्या रेघेचा अर्थ लावायचा असेल, तर आधी शरीर रक्तातल्या तांबड्या पेशींची संख्या कशी ठरवते हे पाहावे लागते. आजचे बोलणे मी तेवढ्यापुरतेच ठेवणार आहे.

इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंचीवर आहे, तर लेह सुमारे साडेतीन हजार मीटर उंचीवर. दोन्ही ठिकाणी हवेतले ऑक्सिजनचे प्रमाण एकच, म्हणजे एकवीस टक्के. फरक असतो तो हवेच्या दाबात. समुद्रकाठी हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर उंचीइतका असतो आणि लेहला तो जेमतेम पाचशेच्या आसपास येतो. त्यामुळे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनचे रेणू कमी येतात आणि फुप्फुसातून रक्तात ते ढकलणारा जोरही कमी पडतो. इथे निरोगी माणसाचे हिमोग्लोबिन अठ्ठ्याण्णव टक्के भरलेले असते, लेहला ते सुमारे नव्वद टक्केच भरते.

आता थोडा हिशेब करू. एक ग्रॅम हिमोग्लोबिन पूर्ण भरले तर १.३४ मिलिलिटर ऑक्सिजन वाहते. शंभर मिलिलिटर रक्तात १५ ग्रॅम हिमोग्लोबिन असलेल्या माणसाच्या रक्तात इथे साधारण १९.७ मिलिलिटर ऑक्सिजन असतो. तोच माणूस लेहला गेला की हा आकडा १८.१ वर येतो. हिमोग्लोबिन १६.५ ग्रॅम झाले, तर नव्वद टक्के भरलेले असूनही ते पुन्हा १९.९ मिलिलिटर ऑक्सिजन वाहू लागते. म्हणजे दीड ग्रॅमच्या वाढीने तूट भरून निघते. उंचावर राहणाऱ्यांच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक का असतात, या प्रश्नाचे पहिले उत्तर हे आहे.

ही वाढ प्रथम मोजणाऱ्यांपैकी एक होते फ्रेंच शास्त्रज्ञ व्हिओ. ते १८८९ साली पेरूला गेले आणि लिमाहून मोरोकोचा या साडेचार हजार मीटर उंचीवरच्या खाणीच्या गावी चढले. तिथे त्यांनी स्वतःच्या रक्तातल्या पेशी मोजल्या. लिमामध्ये एका घन मिलिमीटरमागे पन्नास लाखांच्या आसपास असलेल्या पेशी काही आठवड्यांतच सत्तर लाखांच्या वर गेल्या होत्या. ही नोंद खरी असली, तरी तिचा अर्थ लावताना सावध राहिले पाहिजे. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणजे अस्थिमज्जा रोज एकूण पेशींच्या एका टक्क्याहून कमीच पेशी नव्याने तयार करते. मज्जेने दुपटीने काम केले तरी तीन आठवड्यांत चाळीस टक्के पेशी वाढणार नाहीत. मग उरलेली वाढ कुठून आली?

ती पाणी कमी झाल्यामुळे दिसते. उंचावर पोहोचल्यावर पहिल्या एक-दोन दिवसांतच मूत्रपिंड अधिक लघवी बाहेर टाकते आणि रक्तातला द्रवभाग, म्हणजे प्लाझ्मा, दहा ते वीस टक्क्यांनी आटतो. पेशी तेवढ्याच राहतात, पण आटवलेल्या दुधासारखे रक्त दाट होते. हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तात तांबड्या पेशींनी व्यापलेला टक्का, हे दोन्ही आकडे रक्ताच्या ठरावीक मापातले प्रमाण सांगतात, शरीरातल्या एकूण पेशी सांगत नाहीत. म्हणून चढून गेल्यावर चौथ्या दिवशी वाढलेला आकडा आणि चौथ्या महिन्यात वाढलेला आकडा दिसायला सारखे असले, तरी त्यांचा अर्थ वेगळा असतो. हा फरक मला या विषयातला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण अहवाल वाचताना होणाऱ्या बहुतेक चुका इथेच सुरू होतात.

खऱ्या अर्थाने नव्या पेशी वाढवण्याचा हुकूमही मूत्रपिंडच देते. त्याच्या बाहेरच्या भागात, नलिकांच्या मधल्या जागेत, काही विशेष पेशी असतात आणि त्या एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक तयार करतात. अस्थिमज्जेत तांबड्या पेशींचे अंकुर गरजेपेक्षा कितीतरी अधिक उगवत असतात आणि त्यांतले पुष्कळसे आपोआप मरून जातात. एरिथ्रोपोएटिन त्यांना मरणापासून वाचवते. ते अधिक मिळाले की अधिक अंकुर जगतात. उंचावर पोहोचल्यावर काही तासांतच ते रक्तात वाढू लागते, एक-दोन दिवसांत शिखर गाठते आणि मग बरेचसे खाली येते. पेशींची एकूण संख्या मात्र पुढे कित्येक आठवडे सावकाश वाढत राहते.

हे काम हृदयाकडे किंवा मेंदूकडे न जाता मूत्रपिंडाकडे का आले? इतर अवयवांत रक्ताचा प्रवाह मंदावला की ऑक्सिजन लगेच कमी पडतो. तिथे मोजणी केली, तर रक्तात ऑक्सिजन कमी आहे की प्रवाह कमी आहे हे कळणार नाही. मूत्रपिंडाचा बहुतेक ऑक्सिजन गाळलेले मीठ परत शोषून घेण्यात खर्च होतो. प्रवाह कमी झाला की गाळणेही कमी होते, काम कमी होते आणि ऑक्सिजनचा खर्चही उतरतो. त्यामुळे तिथल्या ऊतींतला ऑक्सिजन प्रवाहावर फारसा अवलंबून न राहता प्रामुख्याने रक्तात किती ऑक्सिजन आहे हेच दाखवतो. शिवाय प्लाझ्मा किती ठेवायचा हेही मूत्रपिंडच ठरवते. पेशी आणि पाणी या दोन्हींचा ताळमेळ एकाच अवयवाच्या हाती असावा, हे मला फार समर्पक वाटते.

पेशीच्या आतली मोजणी अशी चालते. हिफ नावाचे एक प्रथिन सतत तयार होत असते आणि सतत नष्ट होत असते. ऑक्सिजन पुरेसा असेल, तर एक विकर ऑक्सिजन वापरून त्या प्रथिनावर खूण करते. व्हीएचएल नावाचे दुसरे प्रथिन ती खूण ओळखते आणि हिफची रवानगी मोडतोडीकडे होते. ऑक्सिजन कमी पडला की खूण होत नाही, हिफ टिकून राहते आणि पेशीच्या केंद्रकात जाऊन एरिथ्रोपोएटिनचे जनुक चालू करते. ही साखळी उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या साखळीची एक कडी जन्मतःच सैल असेल, तर काय होते हे रशियात व्होल्गा नदीकाठच्या चुवाश लोकांत दिसते. तिथे काही कुटुंबांत व्हीएचएलचे जनुक बदललेले आहे. ही माणसे सपाटीवर राहतात, पण त्यांच्या शरीराला आपण उंचावर आहोत असेच भासत राहते आणि रक्त दाट होते.

आता उलट बाजू पाहू. रक्त दाट झाले की ते चिकटही होते, आणि हिमॅटोक्रिट पंचावन्न टक्क्यांपलीकडे गेल्यावर हा चिकटपणा झपाट्याने वाढतो. हिमोग्लोबिन २१ ग्रॅम असलेल्या माणसाचे रक्त ऐंशी टक्केच भरले, तरी हिशेबाने शंभर मिलिलिटरमागे साडेबावीस मिलिलिटर ऑक्सिजन वाहते, म्हणजे समुद्रकाठच्या माणसापेक्षाही अधिक. तरीही अशा माणसाचे डोके दुखते, झोप लागत नाही, ओठ निळे पडतात आणि कानांत आवाज येतात, कारण बारीक वाहिन्यांतून ते रक्त सरकत नाही. १९२५ साली लिमाचे कार्लोस मोंगे यांनी सेर्रो दे पास्को या सुमारे ४,३०० मीटर उंचीवरच्या खाणगावातला असा एक रुग्ण वर्णिला. प्रथम त्यांनी त्याला फ्रेंच वैद्य व्हाकेझ यांनी १८९२ मध्ये सांगितलेल्या मज्जेच्या विकाराच्या चौकटीत बसवले. पण रुग्ण खाली उतरला की त्याला आराम पडतो, यावरून पुढे हा आजार निराळा ठरला. आज त्याला दीर्घकालीन पर्वतीय आजार म्हणतात, आणि पुरुषांत हिमोग्लोबिन २१ व स्त्रियांत १९ ग्रॅम किंवा अधिक असणे हा त्याच्या निदानाचा एक निकष आहे.

पेशी अधिक असणे म्हणजे उंचीशी चांगले जुळवून घेणे, असा समज मात्र तिबेटी लोकांकडे पाहिल्यावर टिकत नाही. चार हजार मीटरच्या आसपास राहणाऱ्या तिबेटी पुरुषांचे हिमोग्लोबिन सरासरी साडेपंधरा ग्रॅमच्या जवळ आढळले, तर तेवढ्याच उंचीवरच्या अँडीज पर्वतातील आयमारा पुरुषांचे एकोणीसच्या वर. २०१० साली याचे एक कारण हिफच्याच एका प्रकाराच्या जनुकात सापडले. तिबेटी लोकांत या जनुकाचे असे रूप आढळते की ज्यामुळे उंचावरही हुकूम मर्यादित राहतो.

व्हाकेझ यांच्या विकाराला आपण पॉलिसायथेमिया व्हेरा म्हणतो. तो हुकूम वाढल्याने होत नाही. तिथे मज्जेतल्या एका मूळ पेशीच्या जॅक-२ नावाच्या प्रथिनात एक अमिनो आम्ल बदलते आणि ती पेशी एरिथ्रोपोएटिन नसतानाही 'मिळाले, मिळाले' असे समजून वाढत राहते. पंच्याण्णव टक्क्यांच्या आसपास रुग्णांत हाच बदल सापडतो, आणि तो २००५ मध्ये उघड झाला. रक्त दाट असूनही मूत्रपिंडाचा हुकूम थांबलेला असतो, म्हणून त्यांचे एरिथ्रोपोएटिन कमी भरते. सोबत पांढऱ्या पेशी व प्लेटलेट वाढलेल्या असू शकतात, पांथरी मोठी झालेली असू शकते आणि कोमट पाण्याने आंघोळ केल्यावर अंग खाजते.

समजा, लेहला चौदा महिने राहून महूला परतलेला पंचेचाळिशीतला एक माणूस आपल्यासमोर आहे. उतरल्यावर तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासणीत त्याचे हिमोग्लोबिन १८.२ ग्रॅम आणि हिमॅटोक्रिट ५४ टक्के आहे. घरचे घाबरले आहेत आणि कोणीतरी रक्तदान करण्याचा सल्ला दिला आहे. मी प्रथम विचारीन की नमुना घेताना उतरून किती दिवस झाले होते, कारण प्लाझ्मा पूर्ववत भरायला काही दिवस लागतात. मग विडी-सिगारेटची चौकशी करीन. धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून ठेवतो आणि सपाटीवरही रक्त दाट करतो. रात्री घोरताना श्वास अडकतो का आणि टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शने घेतली आहेत का, हेही विचारीन. बोटाला ऑक्सिमीटर लावीन आणि पांथरी चाचपून पाहीन. पांढऱ्या पेशी व प्लेटलेट सामान्य असतील, पांथरी हाताला लागत नसेल आणि रक्तात ऑक्सिजनची भरणी सत्त्याण्णव टक्के असेल, तर घाई करणार नाही. सपाटीवर आल्यावर एरिथ्रोपोएटिनचा हुकूम खाली येतो आणि जुन्या पेशी आपल्या वयाप्रमाणे जात राहतात. सहा ते आठ आठवड्यांनी आकडा १६ ग्रॅमच्या खाली आला, तर ते उंचीचेच रक्त होते, आणि जॅक-२ च्या तपासणीची गरज उरत नाही.

तो आकडा सतरा-अठरावरच राहिला, तर मात्र थांबून चालणार नाही. एरिथ्रोपोएटिन मोजायचे. ते कमी असेल तर जॅक-२ तपासायचे. एरिथ्रोपोएटिन सामान्य किंवा अधिक असेल, तर फुप्फुसे, झोपेतला श्वास आणि सोनोग्राफीने मूत्रपिंडे पाहायची, कारण मूत्रपिंडातल्या काही गाठी स्वतःच हे संप्रेरक तयार करतात. जॅक-२ सकारात्मक आले, तर थोडे थोडे रक्त काढून हिमॅटोक्रिट ४५ टक्क्यांखाली ठेवायचा असतो, कारण तिथे मुख्य धोका रक्ताच्या गुठळ्यांचा असतो. उंचीमुळे झालेल्या दाटपणात, माणूस खाली उतरलेला असेल, तर रक्त काढण्याची बहुधा गरज पडत नाही, आणि उगाच काढले तर लोह मात्र घटते.

म्हणून अशा रुग्णाच्या कागदावर मी हिमोग्लोबिनच्या शेजारी उतरल्याची तारीख लिहितो. महूचे काही रुग्ण आता ती स्वतःच सांगतात.