पाकिटावरच्या चार ओळी

दृश्य : म्हापसा. बाजारामागचं कॉफीचं छोटं दुकान. काउंटरवर दोन पाकिटं.

ही दोन्ही पाकिटं चिकमगळूरच्या एकाच मळ्यातली. दोन्हींवर उंची १२०० मीटर आणि वाण एस. ७९५. मात्र एकावर प्रक्रिया ‘वॉश्ड’ लिहिली आहे आणि दुसऱ्यावर ‘नॅचरल’. दुकानातल्या ताई दोन्ही कॉफ्या दळून समोर ठेवतात. कुठली कुठली, ते वासावरूनच कळतं.

दृश्य : घाटातलं धुकं. सावलीच्या झाडांखाली कॉफीची झुडपं.

आधी उंची. सत्तरीतला सोसोगड हे गोव्यातलं सर्वात उंच शिखर, पण तेही १२०० मीटरच्या खालीच राहतं. इतक्या वर रात्री गार असतात, म्हणून फळ सावकाश पिकतं आणि बी घट्ट भरते. कपात त्यातून स्वच्छ, तजेलदार आंबटपणा येण्याची शक्यता वाढते. शक्यताच, कारण हा आकडा पुष्कळदा अख्ख्या मळ्याचा असतो. शिवाय सावली किती आणि फळ कच्चं तोडलं की पिकलेलं, हे त्या आकड्यात दिसत नाही.

दृश्य : फांदीवरची लाल फळं, जवळून.

एस. ७९५ हा वाण बाळेहोन्नूरच्या कॉफी संशोधन केंद्राचा, १९४० च्या दशकातला. एस. २८८ आणि केंट यांचा हा संकर पानांवरच्या तांबेऱ्याला तोंड देण्यासाठी केलेला होता. त्याची चव समतोल, अंगाने भरीव, कधी किंचित मसाल्याकडे झुकणारी. हा वाण चवीचा पाया घालतो. दोन पाकिटांतला फरक मात्र पुढच्या ओळीत आहे.

दृश्य : पल्परमधून बिया बाहेर पडतात. पाण्याचे हौद.

वॉश्डमध्ये तोडलेलं फळ त्याच दिवशी पल्परमध्ये जातं. साल निघते, पण बीवर चिकट गर राहतो. तो सुटावा म्हणून बिया हौदात आंबवतात. वेळ हवामानावर ठरतो: कधी बारा तास, थंडी असेल तर दीड दिवससुद्धा. हौदावरचा माणूस मूठभर बिया हातात चोळतो. बोटांना बुळबुळीतपणा जाऊन खरखरीत लागलं की बिया धुवायच्या. इथे फळाचा गर बीपासून लवकर सुटतो, म्हणून उंची आणि वाण कपात सरळ बोलतात. ताईंच्या पहिल्या कपात संत्र्याकडे जाणारा हलका आंबटपणा आहे आणि मागून कोकोसारखी चव येते.

दृश्य : जाळीचे उंच मंच, त्यावर पसरलेली अख्खी फळं. हात फळं परततात.

नॅचरलमध्ये फळ फोडतच नाहीत. अख्खं फळ उन्हात दोन-तीन आठवडे, कधी त्याहून जास्त वाळतं. वाळताना गराची गोडी आणि आंबण्याचा वास बीला लागतो. दुसऱ्या कपातला पिकलेल्या फणसासारखा वास तिथून येतो. पण धोकाही तिथेच आहे. थर जाड झाला, परतायला उशीर झाला किंवा रात्री दव पडलं की फळ बुरशी धरतं, नाहीतर जास्त आंबतं. म्हणून दिवसातून अनेकदा फळं परततात आणि संध्याकाळी मंच झाकतात. या कष्टांना मिळणारा जादा भाव पाकिटावर कुठे दिसत नाही.

दृश्य : दोन कप. ताई चमच्याने चाखतात.

वाळवणीतला हा दोष पाकिटावर लिहिलेला नसतो, तो शोधावा लागतो. त्यासाठी कप कोमट होऊ द्यायचा. चांगली नॅचरल कॉफी निवताना अधिक गोड लागते. बिघडलेलीला व्हिनेगरचा किंवा कुजक्या फळाचा वास येऊ लागतो. गरम असताना तोच वास ‘वाइनसारखा’ म्हणून खपून जाऊ शकतो. आमच्या मते, नॅचरलचं पाकीट पहिल्यांदा घेताना ही परीक्षा टाळू नये.

दृश्य : पाकिटाच्या मागची बाजू. लॉट क्रमांक आणि हंगामाचं वर्ष.

शेवटची ओळ लॉटची. त्या क्रमांकावरून चव कळत नाही. मळ्याचा कुठला भाग, कोणती तोडणी आणि कोणत्या मंचावरची वाळवण, हे एकत्र बांधायचं काम तो करतो. चिकमगळूरकडे अरेबिकाची तोडणी साधारण नोव्हेंबरमध्ये सुरू होऊन जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत चालते. सुरुवातीची आणि अखेरची फळं सारखी पिकत नाहीत. म्हणून आवडलेल्या पाकिटाचा लॉट आणि हंगाम लिहून ठेवा. पुढच्या वर्षी त्याच नावाने येणारी कॉफी वेगळी असेल, हे आधीच धरून चाला. लॉट छापलेलाच नसेल तर विक्रेत्याला विचारा: हा माल एका तोडणीचा आहे की अनेक तोडण्यांचं मिश्रण? मिश्रण वाईट असतंच असं नाही, पण मग उंचीचा आणि वाणाचा तपशील कोणत्या भागाचा, हे त्यालाच सांगावं लागेल.