लीड परचेसला गेला, पीपॅप अजून बाकी

[दृश्य: अंबड औद्योगिक वसाहत, सकाळची पाळी, प्रेस शॉप]

नाशिकच्या अंबड आणि सातपूरमध्ये गाड्यांचे सुटे भाग बनवणारे कारखाने आहेत. तिथे नवा भाग उभा करायला महिने लागतात, आणि कधी कधी ऐन मध्यावर डेव्हलपमेंटच्या टीम लीडची बदली परचेसमध्ये होते. नोकरी सोडणाऱ्याला निदान नोटिशीचा काळ असतो, एचआर त्याच्याकडून कागद मागून घेतं. बदली झालेला माणूस फक्त वरच्या मजल्यावर जाऊन बसतो. मग 'साहेब इथंच तर आहेत, लागलं तर विचारू' असं म्हणत हँडओव्हर एका पानात उरकला जातो. पंधरा दिवसांनी तेच साहेब पत्र्याच्या दरावर पुरवठादारांशी बोलण्यात गुंतलेले असतात, आणि विचारायचं राहून जातं.

[दृश्य: टेबलावर पत्र्याचं ब्रॅकेट, शेजारी गेज]

उदाहरणाला एक ब्रॅकेट घेऊ. त्याला दोन भोकं आहेत आणि ग्राहकाच्या लेखी त्या दोन भोकांमधलं अंतर महत्त्वाचं आहे. पीपॅपची फाइल, म्हणजे नवा भाग ग्राहकाकडून मंजूर करून घ्यायची कागदपत्रं, पाच आठवड्यांनी द्यायची आहे. घाईत लिहिलेल्या हँडओव्हरमध्ये या अंतराबद्दल एकच ओळ असते: 'सीपीके, काम सुरू.' नव्या लीडला यातून काहीच कळत नाही.

खरी परिस्थिती अशी आहे. सीपीके म्हणजे माप ठरलेल्या मर्यादेत किती भरवशाने बसतं ते सांगणारा आकडा. चाचणी उत्पादनात तो १.४१ आला. पीपॅपच्या सुरुवातीच्या अभ्यासात हा आकडा साधारणपणे १.६७ च्या वर लागतो; १.३३ ते १.६७ च्या मध्ये असेल तर ग्राहकाशी बोलावं लागतं. जुन्या लीडने फोन केला. ग्राहकाचे इंजिनिअर म्हणाले, 'सुधारणा होईपर्यंत प्रत्येक नग तपासून पाठवा, चालेल.' दुसऱ्या टप्प्याच्या डायमधली, पत्रा नेमक्या जागी बसवणारी लोकेटिंग पिन झिजल्याचा संशय आहे आणि नवी पिन टूलरूमला सांगितली आहे. यातलं काहीही शेअर्ड ड्राइव्हवर नाही.

म्हणून त्या एका ओळीच्या जागी चार गोष्टी लिहाव्या लागतात: आजचा आकडा आणि तो कोणत्या लॉटचा, कारण म्हणून कशावर संशय आहे आणि तो किती तपासला, कोणी काय कबूल केलं आणि ते लेखी आहे का, पुढची कृती कोणाची, कोणत्या तारखेची. संशय असेल तर 'संशय' असंच लिहायचं. 'पिनमुळे' असं ठाम लिहिलं की नवी लीड पिन बदलून मोकळी होते. दोष प्रेसमध्ये पत्र्याची पट्टी सरकण्यात असेल तर आकडा तिथंच राहतो आणि दोन आठवडे वाया जातात.

सगळ्यात जास्त घात तोंडी कबुलीमुळे होतो. फोनवरचे इंजिनिअरही उद्या दुसऱ्या प्रकल्पावर जातील. त्यामुळे जुन्या लीडने खुर्ची सोडण्याआधी स्वतःच्या मेलवरून लिहायचं: 'आपलं बोलणं झालं त्याप्रमाणे अंतर सुधारेपर्यंत शंभर टक्के तपासणी करून माल पाठवत आहोत. सुधारित कंट्रोल प्लॅन सोबत जोडला आहे. कृपया मान्यता कळवावी.' प्रतीमध्ये नव्या लीडचं नाव घालायचं. हे काम तिच्यावर सोडू नये, कारण तो फोन तिने ऐकलेलाच नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा, मंजुरीच्या रांगेत अडकलेली मागणी]

दुसरी अडचण संगणकात असते. पिनची खरेदी मागणी ईआरपीमध्ये जुन्या लीडच्या मंजुरीसाठी थांबली आहे. विभाग बदलताच त्याचे अधिकार बदलतात आणि मागणी कुणालाच न दिसता पडून राहते. टूलरूमला वाटतं परचेस बघतंय, परचेसला वाटतं मागणी आलीच नाही. ग्राहकाच्या पोर्टलचं लॉगिनही त्याच्याच नावावर असतं. म्हणून ज्या ज्या ठिकाणी त्याच्या नावाने काही येतं, ते सगळं कागदावर उतरवून बदलीच्या तारखेआधी वळवून घ्यायचं. पासवर्ड लिहून द्यायचा नाही, नवं लॉगिनच मागवायचं.

घेतलेल्या निर्णयांची कारणं थोडक्यात पुरतात, पण सोडून दिलेले पर्याय जरूर लिहावेत. भोकं दोन टप्प्यांऐवजी एकाच टप्प्यात पाडून पाहिली होती आणि कडेला पत्रा फाटला, हे लिहिलं नाही तर नवी टीम तोच प्रयोग पुन्हा करते.

[दृश्य: प्रेसजवळ नवी लीड, हातात कागद]

कागद पुरा झाला की तो करून बघायचा. नवी लीड फक्त त्या कागदावरून पुढच्या लॉटची मोजणी करून घेते: फिक्स्चर कुठलं, नग किती, आकडे कुठं भरायचे. जुना लीड शेजारी उभा राहतो, पण बोलत नाही. ती जिथं अडेल ती जागा तिथल्या तिथं कागदात भरायची.

मग आठवड्यातून दोन ठरलेले अर्धे तास, पीपॅप जाईपर्यंत. त्यात निघालेलं प्रत्येक उत्तर त्याच फाइलमध्ये, तारखेसह. परचेसच्या वरिष्ठांनाही ही वेळ आधी कळवून त्यांची संमती घ्यायची, नाहीतर पहिल्याच महिनाअखेरीला ती रद्द होते.