सही उडाली, मजकूर राहिला

मी आज एक पान सोबत आणलंय, मागच्यांना दिसणार नाही म्हणून सांगतो. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरात झालेला करार आहे हा, लेझर प्रिंटरवर काढलेला, आणि मजकूर अजून काळाकुळकुळीत आहे. पण खाली चार सह्या होत्या, त्यातल्या दोन आता जवळपास दिसतच नाहीत, पान तिरकं धरलं की नुसता पेनाच्या दाबाचा ठसा दिसतो. म्हणजे कागद टिकला, छपाई टिकली, आणि ज्यासाठी कागद जपला ती सहीच गेली. त्यामुळे कागद आणि शाई दोन्हीचं बघायला लागतं.

आधी कागद. कागद म्हणजे सेल्युलोजच्या लांबलचक साखळ्या, आणि ऍसिड त्या साखळ्या मधेच तोडतं, साखळी आखूड झाली की कागद ठिसूळ होतो, घडीवर तुटतो. हे ऍसिड बाहेरून येतं असं नाही, एकोणिसाव्या शतकापासून शाई पसरू नये म्हणून कागदात राळ आणि तुरटीच्या जातीचं ऍल्युमिनियम सल्फेट घालायला लागले, त्याचं दमट हवेत ऍसिड होतं, म्हणजे कागद स्वतःच स्वतःला खातो. त्यात नुसतं लाकूड दळून केलेला लगदा असला की लिग्निनही आलं, वर्तमानपत्र उन्हात पिवळं पडतं ते त्याच्यामुळेच.

आता पाकिटावर ऍसिड-फ्री लिहिलेलं असतं आणि आपण निर्धास्त होतो, पण त्याचा अर्थ एवढाच की आत्ता त्यात ऍसिड नाही. पुढे हवेतून येईल, शेजारच्या कागदातून येईल, त्याचं काय? म्हणून पाकिटावर ISO 9706 शोधा. या मानकात कागदाचा पीएच 7.5 ते 10 लागतो, लिग्निन अगदी नावापुरतं चालतं, आणि निदान दोन टक्के कॅल्शियम कार्बोनेटएवढा अल्कली साठा लागतो. साधी खडूची भुकटी समजा, येणारं ऍसिड आधी ती खाते, सेल्युलोजपर्यंत पोचू देत नाही. मला विचाराल तर पाकिटावरचा सगळ्यात कामाचा शब्द हा साठाच आहे.

घरातला कागद तपासायचा तर पीएच पेन मिळतं, त्याची रेघ जांभळी झाली तर अल्कली, पिवळी राहिली तर ऍसिड. डाग जात नाही, म्हणून मूळ दस्तावर नको, त्याच गठ्ठ्यातल्या कोऱ्या पानावर ओढा. आणि ते फक्त वरचा थर बघतं, आतल्या लिग्निनचं त्याला काही कळत नाही.

आता शाई. डाय शाईत रंग विरघळलेला असतो, साखर पाण्यात विरघळते तसा, त्यामुळे पाणी लागलं की परत सुटू शकतो आणि उजेडात रंगाचे रेणू तुटून फिका पडतो. पिगमेंट शाईत रंगाचे बारीक घन कण असतात, ते धाग्यांत अडकून बसतात, काळ्या शाईत तर बहुतेक कार्बनच असतो, काजळच म्हणा ना, आणि कार्बनला उजेडाचं काही होत नाही. लेझरच्या काळ्या टोनरमध्येही रंग बहुतेक कार्बनचाच असतो, म्हणून माझा मजकूर टिकला. इंकजेटवाल्यांनी मात्र जपा, बऱ्याच मशीनमध्ये काळी पिगमेंट असते आणि रंगीत डाय, आणि फोटो कागदाची सेटिंग राहिली तर काळं अक्षर रंगीत शायांतून बनवतात, डोळ्यांना फरक कळत नाही.

पेनचं मी असं करतो. ज्या कागदावर दस्त होणार त्याच कागदावर घरातल्या पाच पेनांनी एकेक ओळ लिहायची, दिवसभर वाळू द्यायची, आणि पानाच्या तीन उभ्या पट्ट्या कापायच्या म्हणजे प्रत्येक पट्टीत पाचही शाया येतात. एक पट्टी रात्रभर पाण्यात, एक महिनाभर उन्हाच्या खिडकीत, एक ड्रॉवरमध्ये, आणि मग तिन्ही शेजारी ठेवून बघायच्या. मी केलं तेव्हा निळा बॉलपेन पाण्यात छान टिकला आणि खिडकीत पार उतरला, म्हणून नुसती पाण्याची टेस्ट करून थांबू नका. काळी पिगमेंट जेल दोन्हीकडे तशीच राहिली, तेव्हापासून सहीला मी तीच देतो. यातून किती वर्षं टिकेल ते कळत नाही हं, कोणतं पेन बाद करायचं तेवढं कळतं.

आणि एवढं करून ते पान मऊ पीव्हीसीच्या पिशवीत घालू नका. तिच्यातलं मऊ करणारं द्रव्य टोनरमध्ये उतरतं, अक्षरं पिशवीला चिकटतात आणि पान बाहेर काढताना उलटी छापून पिशवीवरच राहतात. पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची पिशवी घ्या, आणि शेजारी वर्तमानपत्राचं कात्रण ठेवू नका, त्याचं ऍसिड या पानात उतरतं.