मध्यम काळी जमीन, लहरी पाऊस : सोयाबीन की कापूस?

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

पेरणी तोंडावर आली की वाशीम, यवतमाळ, हिंगोली या भागांतल्या प्रत्येक पारावर एकच प्रश्न चघळला जातो : यंदा सोयाबीन घ्यावे की कापूस? उत्तर बहुतेक वेळा गेल्या हंगामात कोणत्या मालाला भाव मिळाला त्यावरून दिले जाते. भावाकडे दुर्लक्ष करावे असे मी म्हणणार नाही. पण आपल्या कोरडवाहू शेतात तो हिशेब वाटतो तेवढे मार्गदर्शन करत नाही. समजा, सोयाबीनचा एकरी खर्च 19,000 रुपये आला आणि भाव क्विंटलला 4,500 रुपये मिळाला, तर खर्च भरून निघायला सव्वाचार क्विंटल माल हवा. कापसाला वेचणीसह 30,000 रुपये लागले आणि भाव 7,000 रुपये मिळाला, तरीही आकडा सव्वाचार क्विंटलच्या आसपास येतो. हे आकडे मी गृहीत धरलेले आहेत. आपापल्या वहीतला खर्च घालून प्रत्येकाने ते तपासावेत. दोन्ही पिकांची ही खर्चवसुलीची रेषा जर जवळपास एकाच जागी असेल, तर वाईट वर्षी कोणते पीक त्या रेषेखाली घसरेल हे पाहावे लागते, आणि ते जमिनीत पाणी किती दिवस टिकते यावर ठरते.

त्यासाठी उन्हाळ्यातच शेतात तीन ठिकाणी, वरच्या बांधाजवळ, मधोमध आणि खालच्या अंगाला, अडीच-तीन फुटांचे खड्डे घ्यावेत आणि मुरूम किती खोलीवर लागतो ते मोजावे. ज्या जमिनीला आपण सरसकट मध्यम काळी म्हणतो, ती उताराच्या शेतात वरच्या बाजूला दीड फुटावर संपते आणि खाली अडीच फुटांहून खोल जाते. सात-बारावर गट एकच असला तरी पिकाच्या दृष्टीने त्या दोन जमिनी आहेत.

पाच एकरांच्या अशा एका शेताचा हिशेब करू. वरच्या दोन एकरांत मुरूम 45 सेंटिमीटरवर लागला आणि खालच्या तीन एकरांत 80 सेंटिमीटरवर. काळी माती दर 10 सेंटिमीटर खोलीला पिकाच्या उपयोगाचे साधारण 16 मिलिमीटर पाणी धरते असा ठोकताळा घेतला, तर वरच्या तुकड्याची साठवण सुमारे 70 मिलिमीटर आणि खालच्याची सुमारे 130 मिलिमीटर भरते. यातले दोन-तृतीयांश पाणी पीक सहज उचलते; उरलेले उचलताना ते दुपारी माना टाकू लागते.

आता 20 जूनला पेरलेले सोयाबीन पाहा. जुलैअखेरीस ते फुलोऱ्यात येते आणि 15 ऑगस्टपासून पुढचा महिनाभर शेंगा भरतात. त्या काळात त्याला रोज सुमारे 5 मिलिमीटर पाणी लागते. म्हणजे वरच्या तुकड्यात नऊ-दहा दिवसांचा खंड आणि खालच्या तुकड्यात सोळा-सतरा दिवसांचा खंड ते फारशी झळ न लागता काढते. त्यापुढे दाणा बारीक राहतो, आणि टोकाकडच्या शेंगा पोचट निघतात. 2023चा ऑगस्ट आपल्याला आठवत असेल. 1901पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्या महिन्यात शेंगांत आलेल्या सोयाबीनला नंतरच्या पावसाने नुकसान भरून काढता आले नाही, कारण हे पीक एकदाच फुलते आणि एकदाच भरते.

कापसाचे वागणे वेगळे आहे. ऑगस्टमध्ये ताण पडला तर तो पाते गाळतो, वाढ थांबवतो, आणि पाऊस परतला की पुन्हा पात्यांवर येतो. याच गुणामुळे पावसाच्या खंडात कापूस तग धरतो असे आपले वाडवडील म्हणत आले, आणि ते खरे आहे. मात्र त्याचा उत्तरार्ध बहुधा सांगितला जात नाही. पुन्हा आलेल्या पात्याचे फूल आणि फुलाचे उमललेले बोंड व्हायला दोन-अडीच महिने लागतात, आणि तेवढे दिवस त्याला पाणी पुरवण्याची जबाबदारी जमिनीवर येते. शेवटचा पाऊस 30 सप्टेंबरला झाला आणि पीक रोज 4 मिलिमीटर पाणी घेत राहिले, तर वरच्या तुकड्यातली साठवण ऑक्टोबरच्या मध्याला आटते आणि खालची नोव्हेंबर उजाडेपर्यंत पुरते. प्रत्यक्षात ओल कमी होत जाते तसे पीकही हात आखडते, त्यामुळे आणखी काही दिवस मिळतात. पण फरक तोच राहतो. वर एक चांगली वेचणी होते आणि पुढे कवडी बोंडे हाती लागतात. खाली दोन भरवशाच्या वेचण्या मिळतात.

म्हणून या शेतात मी खालच्या तीन एकरांत कापूस आणि वरच्या दोन एकरांत सोयाबीन-तूर घेईन. कापसाचे वाण लवकर येणारे, दीडशे-एकशे साठ दिवसांचे असावे, आणि शेत डिसेंबरअखेर मोकळे करावे. मध्यम जमिनीत कोरडवाहू फरदडीला ओल उरतच नाही. तिथे गुलाबी बोंडअळी मात्र पोसली जाते. फुलांच्या पाकळ्या मिटून डोमकळ्या दिसू लागल्या की अळी आत शिरली असे समजावे. एकरी दोन कामगंध सापळे लावून सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग आले, तर फवारणीची वेळ झाली.

वरच्या तुकड्यात सोयाबीनच्या चार ओळींनंतर तुरीच्या दोन ओळी ठेवाव्यात. सोयाबीन उभे असेपर्यंत तूर हळू वाढते आणि फारशी स्पर्धा करत नाही. ते कापल्यावर उरलेली ओल आणि मोकळी जागा तिला मिळते. ऑगस्टच्या खंडाने सोयाबीन दोन-तीन क्विंटलवर आणले, तरी तुरीचा आधार राहतो. पेरणीनंतर महिनाभराने डवऱ्याला दोरी गुंडाळून ठरावीक ओळींमागे सरी काढली, तर जोराच्या पावसाचे जादा पाणी निघून जाते आणि हलक्या पावसाचे सरीतच मुरते. शेततळे असेल, तर त्यातले पाणी शेंगा भरताना तुषार संचाने एकदा सोयाबीनला द्यावे. माझ्या मते एका पाण्याचा याहून चांगला उपयोग या शेतात नाही.

ही सारी मांडणी वेळेवर झालेल्या पेरणीसाठी आहे. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन ओल खोल गेल्याशिवाय दोन्हींपैकी काहीच पेरू नये, आणि पेरणीचा पाऊस लांबला तर निर्णय बदलावा. 10 जुलैला लावलेला कापूस सप्टेंबरच्या मध्याला फुलेल, त्याची पहिली बोंडे नोव्हेंबरात तयार होतील, आणि तेव्हा 80 सेंटिमीटरची जमीनही कोरडी पडलेली असेल. म्हणून जुलैचा पहिला आठवडा गेला की मध्यम जमिनीत कापसाचा विचार सोडावा आणि खालच्या तुकड्यातही सोयाबीन-तूर पेरावी. सोयाबीनसाठी जुलैच्या मध्यापर्यंत वाट पाहता येते.

त्यासाठी कापसाचे बियाणे आणले असले, तरी घरचे सोयाबीन पाचही एकरांना पुरेल एवढे, एकरी 26 ते 30 किलोच्या हिशेबाने, चाळून ठेवावे. त्यातले 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहावेत. सत्तरहून कमी उगवले, तर ते बियाणे बाजारात विकावे आणि पेरणीसाठी दुसरे आणावे.

नमस्कार.