आधी डावा हात

(मोठ्या वयात पेटी शिकणाऱ्यांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

नमस्कार. फलकावर विषय लिहिलाय, ‘प्रौढांसाठी पेटीचा रोजचा रियाज : वेळ आणि अभ्यास’. तो मी सांगणार आहेच. पण आधी डाव्या हाताबद्दल बोलू द्या. गेली अकरा वर्षं मी ज्याला त्याला हे सांगतोय आणि घरच्यांनी आता ऐकणं बंद केलंय. तुम्ही आपण होऊन आलायत, तेव्हा तुमची सुटका नाही.

इथे बसलेल्यांपैकी किती जणांना एखादं गाणं पेटीवर वाजवता येतं? बरेच हात वर आलेत. आता त्यातल्या किती जणांना नुसता एक सा दोन मिनिटं वाजवता येतो? हसू नका. मलाही तो सोपाच वाटला होता.

मी त्रेचाळिसाव्या वर्षी पेटी घेतली. कान तयार होता, कारण आयुष्यभर गाणी ऐकलेली. मोठ्या वयात शिकणाऱ्याचं भांडवल तेच आणि अडचणही तीच. लहान मुलाला सारेगम वाजवताना कंटाळा येत नाही, कारण त्याच्या डोक्यात दुसरं काही वाजत नसतं. आपल्या डोक्यात मात्र संपूर्ण गाणं वाजत असतं आणि बोटं तेच शोधायला धावतात. मीही धावलो. चार महिन्यांत सहा-सात गाणी बसवली आणि एका घरगुती बैठकीत वाजवायला बसलो. पहिलं गाणं संपलं तेव्हा एका वयस्कर गृहस्थांनी फार मायेनं विचारलं, “पेटीला दमा आहे का हो?”

मला वाटलं, पेटीतच दोष असणार. दुसऱ्याच दिवशी ती दुरुस्तीवाल्याकडे नेली. “हवा गळतेय, मध्येच सूर बसतो,” असं सांगितलं. त्यांनी स्टॉप उघडले, एकही पट्टी न दाबता भाता मारला. तीन-चार दाबांत भाता घट्ट झाला, पुढे मिटेचना. “हवा गळत असती तर हा असा अडला असता का? मऊ मऊ मिटतच राहिला असता,” ते म्हणाले. मग त्यांनी एका बोटानं सा दाबला आणि माझ्याशी गप्पा मारत डाव्या हातानं भाता चालवत राहिले. सूर एखाद्या ताणलेल्या दोरीसारखा सरळ. कुठे फुगवटा नाही, कुठे खड्डा नाही. त्यांना गाणं एकही येत नव्हतं, तसं त्यांनीच सांगितलं. पेटी परत माझ्यापुढे सरकवून म्हणाले, “आता तुम्ही मारा.” मी मारला. दमा परत.

त्या दिवशी त्यांनी मागची फळी काढून पेटीचं पोट दाखवलं. मला तोवर ठाऊकच नव्हतं की पेटीला दोन भाते असतात. आपण हातानं मारतो तो बाहेरचा. तो सुरांना थेट हवा देत नाही, आतल्या भात्यात भरतो. आतल्या भात्यावर स्प्रिंगा असतात, त्या हवेला सारख्या दाबानं सुरांकडे ढकलतात. म्हणजे बाहेरचा भाता हा पाणी भरणारा माणूस आणि आतला भाता ही गच्चीवरची टाकी. टाकीत पाणी असेल तोवर नळाची धार सारखी राहते. माझं चुकत होतं ते इतकंच की टाकी रिकामी झाल्यावर मी दचकून जोरात दाबायचो. टाकी संपत आली की सूर खाली बसायचा, आणि जोरात दाबलं की तो धक्का आतल्या भात्यातून थेट सुरावर यायचा. खड्डा आणि लगेच फुगवटा, म्हणजे दमाच.

त्यामुळे नियम असा : भाता उघडताना झटकन, मिटताना सावकाश. उघडतानाच्या क्षणात टाकीत नवी हवा जात नसते, टाकीच सगळा भार सांभाळत असते. म्हणून तो क्षण जितका छोटा तितकं बरं. आणि टाकी अर्धी असतानाच पुढचा दाब सुरू करायचा. ताकद मनगटाची आणि बोटांची, खांद्याची नाही. खांदा वर चढला की समजा, तुम्ही घाबरून दाबताय. दुहेरी सुरांची पेटी असेल तर रियाजाला एकच स्टॉप उघडा. दोन्ही सूर बोलायला लागले की हवा जास्त लागते आणि शिकणारा उगाच धापा टाकतो.

आता जरा बाजूला जातो. आकाशवाणीनं १९४० साली पेटीवर बंदी घातली, ती पुढे कितीतरी वर्षं टिकली. आक्षेप असा की या वाद्यातून मींड निघत नाही, सूर पट्टीला बांधलेले. आक्षेप खोटा नव्हता. पट्टी दाबली की सूर सुरू, सोडली की बंद, मधलं काही नाही. पण म्हणूनच पेटीवाल्याला दोन सुरांमधली फट बुजवावी लागते. नवा सूर लागल्यावरच जुनं बोट उचलायचं, आणि त्या क्षणी भात्यानं धक्का द्यायचा नाही. ज्यांची पेटी गाते असं आपण म्हणतो, त्यांचा डावा हात बघा एकदा. उजव्या हाताकडे सगळेच बघतात.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिलीत म्हणे. आणि मी अजून विषयाला हात घातलेला नाही. चला, पळतो.

रोज चाळीस मिनिटं. सलग जमत नसेल तर वीस सकाळी, वीस संध्याकाळी. मला तर दोन तुकडे जास्त मानवतात, कारण पंचविसाव्या मिनिटानंतर माझा खांदा वर चढायला लागतो. रविवारी बसून एकदम तीन तास काढू, हा हिशेब बोटांना कळत नाही. आठवड्यातून सहा दिवस हे करा, सातव्या दिवशी मनाला येईल ते वाजवा.

पहिली पाच मिनिटं फक्त सा आणि फोनवरचं रेकॉर्डिंग. डोळे मिटून लांब सा धरा, नंतर तेच ऐका. भाता कधी उघडला हे ऐकून सांगता आलं, तर अजून जमलेलं नाही. पाच मिनिटांत घाम फुटतो, मी बघितलंय.

पुढची दहा मिनिटं आरोह-अवरोह. सा पांढरी एकवर धरू या, म्हणजे शुद्ध सप्तकात सगळ्या पांढऱ्या पट्ट्या येतात. सा अंगठा, रे तर्जनी, ग मध्यमा. मग अंगठा मध्यमेच्या खालून सरकून म वर, आणि तिथून प तर्जनी, ध मध्यमा, नि अनामिका, वरचा सा करंगळी. उतरताना उलट, म वरच्या अंगठ्यावरून मध्यमा ओलांडून ग वर. बहुतेकांचं सगळं बिघडतं ते या ग-म च्या सांध्यावर. ओळखायचं कसं? रेकॉर्डिंगमध्ये म इतरांपेक्षा ठणकन वाजतो किंवा त्याच्या आधी बारीकशी फट ऐकू येते. कारण अंगठा उशिरा निघतो आणि मग उडी मारतो. तर्जनी रे वर पडली की अंगठ्यानं सा सोडून हाताखालून निघायचं, ग वाजेपर्यंत तो म वर जाऊन थांबलेला हवा. रोज वीस वेळा फक्त ग-म-ग वाजवा. तेवढं सुधारलं की अख्खं सप्तक सुधारतं.

पुढची दहा मिनिटं पलटा. एकच. सारेग, रेगम, गमप असं वरच्या सा पर्यंत आणि परत. अंगठा, तर्जनी, मध्यमा हीच तीन बोटं, हात दर वेळी एक पट्टी पुढे. मेट्रोनोम ६० वर, प्रत्येक ठोक्याला एक सूर. आणि इथे माझा डावा हात परत येतो, माफ करा. नवशिका प्रत्येक सुराबरोबर भाता मारतो, म्हणजे दोन्ही हात एकमेकांना जखडलेले. यावर उपाय असा, की पलटा तीन-तीन सुरांचा, पण भाता दर चार ठोक्यांना एकदा. तीनाचा गट आणि चाराचा दाब बारा ठोक्यांनी पुन्हा एकत्र भेटतात. पहिल्या दिवशी डोकं फिरतं. मला दोन आठवडे लागले, पण त्यानंतर डावा हात आपला आपण चालायला लागला.

लय कधी वाढवायची? लागोपाठ तीन वेळा निर्दोष आलं की मेट्रोनोम ४ नं वर. चुकलं की मागे. दुसऱ्या दिवशी काल जिथे थांबलात तिथून सुरुवात करू नका, ८ नं खाली उतरून सुरू करा. माझंच सांगतो, मी ९२ वर पलटा वाजवतो म्हणून मिरवत होतो. रेकॉर्डिंग ऐकलं तर दर सप्तकात दोनदा भाता धसकत होता. परत ६० वर आलो. सव्वा महिन्यानं ८४ ला पोचलो, आणि ते ८४ त्या ९२ पेक्षा कितीतरी ऐकण्यासारखे होते.

नंतरची दहा मिनिटं गाणं. पण अख्खं नाही, एकच ओळ. आधी तोंडानं स्वर म्हणा, मग वाजवा. गाण्यात शब्द जिथे श्वास घेतो तिथे भाता उघडता आला तर उत्तम. उरलेली पाच मिनिटं आजचं रेकॉर्डिंग ऐकायचं आणि उद्यासाठी एकच चूक वहीत लिहून ठेवायची. एकच हं, पाच लिहिल्या तर वही उघडावीशी वाटत नाही.

बसण्याचं राहिलं. गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर बसा, पेटी टेबलावर. फक्त उजवं कोपर पट्ट्यांच्या पातळीला यायला हवं. टेबल उंच असेल तर मनगट मोडून वाजवावं लागतं आणि अंगठ्याच्या बुंध्याशी दुखायला लागतं. दुखलं की त्या दिवशी थांबा. बोटांना मुंग्या येत असतील आणि रोज येत असतील, तर डॉक्टरांना दाखवा. रियाजानं त्या जात नाहीत.

दुसरी चिठ्ठी. शेवटचं सांगतो आणि बसतो. रियाज झाल्यावर कडी लावायच्या आधी एखादी पट्टी दाबून आतली हवा सगळी जाऊ द्या, मग भाता मिटवा. आतला भाता फुगलेला ठेवून पेटी बंद केली तर स्प्रिंगा ताणलेल्या राहतात. पेटी इथेच मंचावर आहे, एकच स्टॉप उघडलाय. ज्यांनी मघाशी गाणं येतं म्हणून हात वर केला होता, त्यांनी येऊन दोन मिनिटं सा धरावा.